औषधाच्या चिठ्ठीवरील चार खुणा

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. रसायनी आणि पाताळगंगा येथील कारखान्यांचा पट्टा तेथून जवळच आहे आणि त्या कारखान्यांतून रात्रपाळीही चालते. अशा गावातील एका घरी पनवेलहून औषधाची चिठ्ठी आली आहे, अशी कल्पना करावी. चिठ्ठीवर चार गोळ्यांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे एकेक खूण आहे. पहिलीपुढे ओ. डी., दुसरीपुढे बी. डी., तिसरीपुढे एच. एस. आणि चौथीपुढे एस. ओ. एस. घरातील मंडळी शिकलेली आहेत, इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारी आहेत. तरीही ह्या खुणांचा अर्थ त्यांना लागत नाही. ह्यात त्यांचा काही दोष नाही. अक्षरे इंग्रजी असली तरी शब्द इंग्रजी नव्हेत. ते लॅटिन आहेत.

ओ. डी. म्हणजे ‘ओम्नी दिए’, अर्थात दररोज. ‘एकदा’ हा शब्द मुळात तेथे नाहीच; तो आपण गृहीत धरावयाचा. बी. डी. म्हणजे ‘बिस् दिए’, दिवसातून दोनदा. एच. एस. म्हणजे ‘होरा सोम्नी’, निजण्याच्या वेळी. एस. ओ. एस. म्हणजे ‘सी ओपुस् सित्’, गरज पडल्यास. बुडत्या जहाजाच्या सुप्रसिद्ध हाकेशी ह्या शेवटच्या खुणेचा काही संबंध नाही. ती हाक १९०६ साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली, आणि बिनतारी यंत्रावर ओळखण्यास सोपी म्हणून निवडली गेली. तिच्या अक्षरांत कोणतेही शब्द दडलेले नव्हते.

रोग्याला न कळणाऱ्या भाषेत रोग्याचे औषध का लिहावे? विद्या गुप्त राखण्यासाठी, असे उत्तर सामान्यतः दिले जाते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ साली आपला औषधकोश लॅटिनमध्ये काढला. निकोलस कल्पेपर ह्याने १६४९ साली तो इंग्रजीत आणला, तेव्हा वैद्यमंडळी त्याच्यावर संतापली. परंतु खरे कारण चिठ्ठीच्या रचनेतच सापडते. चिठ्ठीच्या आरंभी जी आडवी रेघ मारलेली ‘आर’सारखी खूण असते, ती ‘रेसिपे’ ह्या क्रियापदाची. त्याचा अर्थ ‘घे’. ही आज्ञा रोग्याला नाही, औषध बनविणाऱ्याला आहे: अमुक द्रव्य अमुक प्रमाणात घे. त्यानंतर ‘मिस्के’, म्हणजे मिसळ. आणि अखेरीस ‘सिग्ना’, म्हणजे बाटलीवर लिही. आपल्या चारही खुणांचे घर ह्या ‘सिग्ना’च्या पुढे आहे. वैद्याने लॅटिनमध्ये लिहावे, औषधवाल्याने त्याचा उलगडा करून रोग्याच्या भाषेत बाटलीवर चिकटवावे, अशी ही वाटणी होती. रोग्याने लॅटिन वाचावे असे कोणाच्या मनातही नव्हते.

ब्रिटिश औषधकोश १८६४ साली इंग्रजीत निघाला, तरी चिठ्ठीवरील खुणा लॅटिनच राहिल्या. मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. पाश्चात्य वैद्यकाबरोबर चिठ्ठीची ही रीतही महाराष्ट्रात रुजली, आणि तिच्याबरोबर दवाखान्यात एक माणूस आला, तो म्हणजे कंपाउंडर. मिश्रण बाटलीत भरून तो कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवी. पट्टीवरील प्रत्येक खाच म्हणजे एक मात्रा. मग तो तोंडाने सांगे, ‘सकाळ-संध्याकाळ एकेक खूण, जेवणानंतर, आणि बाटली हलवून घ्या.’ ‘बिस् दिए’चे मराठी ह्या रीतीने रोज होत असे. एकही लॅटिन अक्षर घरापर्यंत पोहोचत नसे.

पुढे कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आल्या. मिसळावयाचे काही उरले नाही, तसा मिसळणाराही मागे पडला, आणि दुभाष्याला लिहिलेली भाषा थेट रोग्याच्या हाती पडू लागली. आता आपट्याच्या त्या घरी परत जावे, म्हणजे ह्याचे परिणाम दिसतील.

पहिली गोळी रक्तदाबाची, ओ. डी. घाईत लिहिलेल्या ओ आणि बी ह्या अक्षरांत फरक थोडा. येथे वाचणारा चुकला तर गोळी दुप्पट जाईल. दुसरी गोळी जंतुनाशक, बी. डी., सात दिवस. येथे उलट चूक झाली, तर औषध निम्मेच पोटात जाईल. ही चूक ओळखण्याचे साधन मात्र चिठ्ठीतच असते. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर मात्रेबरोबर औषधाचे एकूण प्रमाणही लिहावे लागते. सात दिवस आणि गोळ्या चौदा, म्हणजे रोज दोन. सातच असत्या तर रोज एक. हिशेब जुळला नाही, तर गोळी घेण्यापूर्वी विचारावे. शिवाय ‘दोनदा’ म्हणजे सकाळी आणि दुपारी नव्हे. साधारण बारा तासांचे अंतर त्यात अभिप्रेत आहे.

तिसरी गोळी शिंका आणि खाज थांबविणारी, पण झोप आणणारी, म्हणून एच. एस. घरातील कर्ता पुरुष रात्रपाळीला जातो. त्याने ‘रात्री’ असा अर्थ केला, तर यंत्रासमोर उभे असताना त्याचे डोळे मिटू लागतील. लॅटिन शब्द येथे अचूक आहे: निजण्याची वेळ, मग ती सकाळी नऊची का असेना. चौथी गोळी पॅरासिटामॉलची, एस. ओ. एस. गरज पडल्यास घ्यावी हे खरे; पण किती वेळा? प्रौढ माणसाने पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या चोवीस तासांत आठांहून अधिक घेऊ नयेत, आणि दोन वेळांत निदान चार तास जाऊ द्यावेत. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही हेच द्रव्य असते. तेही ह्या हिशेबात धरावे लागते. ही मर्यादा त्या तीन अक्षरांत कोठेच नाही. ती लिहिली नसेल, तर खूण बरोबर असूनही आज्ञा अपुरी राहते.

सर्वांत घातक चूक वारंवारतेची. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. सवयीने ते रोज घेतले गेले, तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि प्रसंगी प्राणावर बेतते. अशा औषधापुढे खूण न लिहिता वाराचे नाव लिहावे, हाच निर्धोक मार्ग. अमेरिकेत ‘दररोज’ ह्या अर्थाची दुसरी एक लॅटिन खूण ‘दिवसातून चारदा’ अशी वाचली जाई. म्हणून २००४ साली तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने ती वर्ज्य ठरविली. तेथील नेत्रवैद्य तर ओ. डी. म्हणजे उजवा डोळा असे समजतात.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. त्याने अक्षर सुधारेल, पण मोठ्या अक्षरांतील बी. डी. हेदेखील लॅटिनच राहते. कित्येक डॉक्टर आता एक-शून्य-एक असे लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे कोणत्याही भाषेत कळते. आणि जेथे जुनी खूण असेल, तेथे औषधवाल्याने पाकिटावर ‘निजताना एक’ एवढे दोन शब्द मराठीत लिहिले, म्हणजे झाले. ‘सिग्ना’ ह्या शब्दाने त्याला पूर्वीपासून सांगितलेले काम तेवढेच आहे.