विश्लेषण-पद्धतीचे प्रमाणीकरण : मँगॅनीज डायऑक्साइडमधील तांब्याचे उदाहरण

नवी रासायनिक चाचणी रोजच्या वापरात घेण्यापूर्वी ती अपेक्षित कामासाठी पुरेशी विश्वासार्ह आहे, हे प्रयोगांनी सिद्ध करण्याची क्रिया. प्रयोगशाळांत तिला ‘मेथड व्हॅलिडेशन’ म्हणतात. तीत मुख्यतः अचूकता, परिशुद्धता, शोधमर्यादा आणि रिकव्हरी या चार गुणांची तपासणी होते. प्रत्येक तपासणीला ठरावीक प्रकारचाच दोष दिसतो. म्हणून एका तपासणीचा चांगला निकाल दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

पार्श्वभूमी. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग ही ‘मॉइल’ कंपनीची उघडी खाण आहे. मँगॅनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या नावाने ही कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातील मँगॅनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला उपयोगी पडते. विद्युत्-विच्छेदनाने शुद्ध मँगॅनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही तेथे आहे.

बॅटरीसाठी लागणाऱ्या या पदार्थात तांबे, निकेल व कोबाल्ट यांचे अंशही त्रासदायक ठरतात. तांब्याचे आयन विद्रावातून जस्तापर्यंत पोचले की त्याच्या पृष्ठावर साचतात. तेथे हायड्रोजन वायू सुटू लागतो, जस्त काम न करताच झिजते आणि सेल फुगते किंवा गळते. त्यामुळे दर किलोग्रॅमला काही मिलिग्रॅम इतके तांबे मोजावे लागते. अशा चाचणीचे प्रमाणीकरण पुढे पायरीपायरीने दिले आहे. त्यातील आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. ते कोणत्याही प्रयोगशाळेचे निष्कर्ष नाहीत.

पद्धत. वाळवलेली १ ग्रॅम पूड धूरकोठीत संहत हायड्रोक्लोरिक आम्लात तापवतात. या विक्रियेत क्लोरीन वायू सुटतो, म्हणून धूरकोठी अपरिहार्य असते. विद्राव गाळून १०० मिलिलिटर करतात आणि ज्वाला-अणुशोषण यंत्रावर ३२४.८ नॅनोमीटर तरंगलांबीला शोषण मोजतात. नमुन्यात दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम तांबे असेल, तर विद्रावात ते लिटरला केवळ ०.१ मिलिग्रॅम असते. त्याच विद्रावात मँगॅनीज मात्र लिटरला सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे तांब्याच्या ६० हजार पट असते. या चाचणीतल्या बहुतेक अडचणी या प्रमाणातून उपजतात.

परिशुद्धता. एकाच नमुन्याच्या सात स्वतंत्र तुकड्या वजन करण्यापासून शेवटच्या वाचनापर्यंत वेगवेगळ्या नेतात. एकच विद्राव सात वेळा यंत्रात सोडला, तर केवळ यंत्राची स्थिरता कळते, पद्धतीची नाही. समजा वाचने ८.६, ८.३, ८.८, ८.४, ८.५, ८.७ व ८.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो आली. त्यांची सरासरी ८.५ व प्रमाण विचलन सुमारे ०.२२ आहे. सापेक्ष विचलन २.५ टक्के होते आणि या पातळीवर ते उत्तम आहे. पुढे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विश्लेषकाकडून व नव्याने बनवलेल्या मानक विद्रावांनी हीच मालिका पुन्हा करतात. दोन्ही मालिका एकत्र घेतल्यावर येणारे विचलन सहसा अधिक असते आणि रोजच्या कामाचे खरे चित्र तेच दाखवते. तरीही ही सर्व वाचने परस्परांच्या जवळ आहेत एवढेच यातून सिद्ध होते. ती खऱ्या मूल्याजवळ आहेत की नाहीत, हे कळत नाही.

रिकव्हरी. नमुन्याच्या १ ग्रॅम पुडीत विरघळवण्यापूर्वीच १० मायक्रोग्रॅम तांबे घालतात, म्हणजे किलोला १० मिलिग्रॅमची भर पडते. या भर घालण्याला ‘स्पाइक’ म्हणतात. वाचन १७.० आले, तर १७.० मधून ८.५ वजा करून ८.५ उरतात आणि रिकव्हरी ८५ टक्के ठरते. या पातळीसाठी ८० ते ११० टक्के ही मर्यादा अनेकदा स्वीकारली जाते. ती पाहून पद्धत उत्तीर्ण म्हणता येईल, पण १५ टक्के तूट का आली हे शोधणे आवश्यक आहे. येथे कारण मँगॅनीजचे आहे. मानक विद्राव नुसत्या आम्लात बनवले होते आणि दाट नमुना-विद्राव मात्र नळीतून हळू खेचला जाऊन ज्वालेत कमी पोचला. प्रत्येक नमुन्यातच मानकाची वाढती भर घालून मोजले, म्हणजे मानक-भर पद्धत वापरली, की ही तूट भरून निघते. मग मूळ नमुन्याचे वाचन १०.० येते आणि रिकव्हरी १०० टक्के होते.

अचूकता. एवढ्यावर काम थांबवले, तर चूक तशीच राहते. तांबे अजिबात नसलेला, तितक्याच मँगॅनीजचा विद्राव त्याच मोजपट्टीवर मोजला असता किलोला २.० मिलिग्रॅम ‘तांबे’ दिसते. ज्वालेतील क्षारकण प्रकाश विखुरतात आणि यंत्र त्याला शोषण समजते. ही भर साध्या व स्पाइक केलेल्या नमुन्यात सारखीच असते. वजाबाकीत ती नाहीशी होते, त्यामुळे रिकव्हरी १०० टक्के येऊनही चूक लपते. १०.० मधून ही २.० ची भर वजा केली, की खरे मूल्य ८.० उरते. सुरुवातीच्या ८.५ मध्ये दोन चुका एकमेकींना जवळजवळ मारत होत्या आणि त्यातली एकच दुरुस्त केल्यावर उत्तर अधिक बिघडले.

ड्युटेरियम दिव्याची पार्श्वभूमी-दुरुस्ती सुरू व बंद ठेवून मोजले की हा दोष उघड होतो. तुलनेसाठी घेतलेल्या शुद्ध मँगॅनीजमधील तांब्याचा अंश मात्र आधी माहीत असावा लागतो. अचूकतेचा सर्वांत भक्कम पुरावा प्रमाणित संदर्भ पदार्थातून मिळतो. तो शक्यतो मँगॅनीजचाच असावा, कारण तांब्याच्या स्वच्छ विद्रावात यांपैकी एकही अडचण येत नाही. खनिजाच्या नमुन्यात आणखी एक तपासणी लागते. वरून घातलेले तांबे आधीच विरघळलेले असते, पण खनिजातील काही तांबे आम्लात न विरघळणाऱ्या सिलिकेटी गाळात अडकू शकते. म्हणून गाळणीवरचा अवशेष वेगळा विघटित करून मोजतात.

शोधमर्यादा. ज्या राशीखाली तांब्याचा संकेत गोंगाटापासून वेगळा ओळखता येत नाही, ती ही सीमा. दहा ब्लँक मोजून त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट घेण्याची रीत रूढ आहे. नुसत्या आम्लाच्या ब्लँकचे विचलन लिटरला ०.००१ मिलिग्रॅम असेल, तर शोधमर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम येते. मँगॅनीज असलेल्या ब्लँकमध्ये विचलन ०.००२ झाले, तर ती ०.६ होते. अहवालात हा दुसरा आकडा द्यायला हवा, कारण प्रत्यक्ष नमुन्यात मँगॅनीज असतेच. संख्या खात्रीने सांगण्यासाठी विचलनाच्या दहापट, म्हणजे येथे किलोला २ मिलिग्रॅम ही परिमाणन-मर्यादा मानतात. ग्राहकाची अट किलोला ५ मिलिग्रॅमची असेल, तर पद्धत चालेल. अट १ मिलिग्रॅमची असेल, तर चालणार नाही. जास्त पूड घेतली, तर क्षारही वाढून बर्नरची फट तुंबते. अशा वेळी ग्रॅफाइट भट्टी वापरणे किंवा तांबे आधी निष्कर्षणाने वेगळे करणे हा मार्ग असतो.

व्याप्ती व पुनर्तपासणी. आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ या मानकानुसार प्रयोगशाळेने स्वतः विकसित केलेल्या किंवा बदललेल्या पद्धतीचे प्रमाणीकरण करून नोंदी ठेवायच्या असतात. भारतात या मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देण्याचे काम एनएबीएल करते. प्रमाणीकरण तपासलेला पदार्थ, राशीची कक्षा आणि यंत्र यांच्यापुरतेच लागू राहते. शुद्ध डायऑक्साइडसाठी सिद्ध झालेली पद्धत खाणीच्या खनिजाला लावायची, आम्ल बदलायचे किंवा नवे यंत्र आणायचे झाल्यास, त्या बदलाचा ज्यांवर परिणाम होतो ते गुण पुन्हा तपासावे लागतात. दैनंदिन कामात प्रत्येक तुकडीसोबत एक मँगॅनीज-ब्लँक, एक स्पाइक आणि एक संदर्भ नमुना चालवून त्यांची वाचने नियंत्रण-आलेखावर मांडतात. ब्लँक वर सरकू लागला तर वाचनात बाहेरची भर पडते आहे, स्पाइक उतरू लागला तर संकेत दबतो आहे, आणि हे दोन्ही ठीक असूनही संदर्भ नमुना चुकला तर पूड पूर्ण विरघळते की नाही येथून शोध सुरू करायचा.