दम तुटला की नाही

आमच्या घरात एकाच सामन्याचे दोन निकाल नांदतात. बाबांच्या मते गल्लीचं मंडळ दोन गुणांनी जिंकलं. काकांच्या मते पंचांनी शिट्टी जरा लवकर वाजवली, नाहीतर त्यांची कंपनी एका गुणाने जिंकली होती. हे दोघे सख्खे भाऊ. १९८१ च्या जानेवारीत परळच्या मैदानात ते अंतिम सामन्यात समोरासमोर उभे होते. त्या सकाळी दोघे एकाच खोलीत, एकाच चटईवरून उठले होते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आजोबांकडून ऐकली. आजोबा साताऱ्याकडचे. गिरणीत साचे चालवायचे आणि मंडळाच्या पोरांना कबड्डी शिकवायचे. कबड्डीला ते शेवटपर्यंत हुतूतूच म्हणत. चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी बसले, की त्यांच्याभोवती तात्या, आजी, शेजारचे दोन-तीन म्हातारे जमायचे. प्रत्येकाचा सामना वेगळा असायचा. मला वाटतं, सगळ्यांनी मिळून एकच सामना पाहिला होता, पण प्रत्येकाने आपापला जपून ठेवला होता.

कंपनीचा संघ श्रीमंत होता म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या मुंबईत कबड्डीत रोख पैसा फारसा नव्हता, पण नोकरी होती. मोठ्या कंपन्या, बँका, रेल्वे, पोलीस खेळावर माणसं घ्यायची. कंपनीत लागलेला गडी दुपारी काम टाकून सरावाला जायचा, त्याला दूध-अंडी मिळायची, बूट मिळायचे, दौऱ्यावर गेला तरी पगार चालू राहायचा. आणि हे गडी यायचे कुठून? लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या मंडळांतूनच. म्हणजे आमच्या गल्लीतल्या पोराला माती आजोबांनी लावायची आणि तो तयार झाला की कंपनीने उचलायचा. काका असेच उचलले गेले होते. मंडळाचा पहिला चढाईपटू दोन वर्षांपूर्वी कंपनीत लागला आणि अंतिम सामन्यात त्याच मंडळासमोर उभा ठाकला.

बाबा तेव्हा गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. मंडळातले चौघे दुसऱ्या पाळीला असायचे. ती मध्यरात्री सुटायची. म्हणून सराव रात्री साडेबारानंतर, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली, चाळीच्या मागच्या चौकात व्हायचा. चौकातली माती आजोबांनी स्वतः खणून, चाळून, लाकडाचा भुसा मिसळून तयार केली होती. चाळीला झोप लागावी म्हणून पोरं दमसुद्धा हळू आवाजात घ्यायची. हे आजोबा मुद्दाम सांगायचे, कारण त्यांच्या मते सगळी गंमत तिथेच होती. हळू बोलणाऱ्याचा दम ऐकायला कान तयार लागतो, आणि बाबांचा कान तसा तयार झाला.

"चढाई करणाऱ्याच्या पायाकडं बघायचं नाही," आजोबा म्हणायचे. "पाय फसवतो. आवाज फसवत नाही. दम संपत आला की कबड्डीतला शेवटचा 'डी' लांबतो. तो लांबला की गडी घरी पळणार. तवा घोट्याला हात घालायचा."

अंतिम सामन्याचा पूर्वार्ध कंपनीने एकोणीस-अकरा असा घेतला. त्यात एक लोण होता. मंडळाचे सातही गडी बाद झाले, कंपनीला जादाचे दोन गुण मिळाले आणि मैदान पुन्हा भरलं. काकांनी एकट्याने सात गडी टिपले. तात्या हे सांगताना अजूनही मान खाली घालतात. त्यांचं म्हणणं, मैदानाची उजवी बाजू जास्त ओली होती आणि आमची पोरं घसरत होती. आजोबा त्यांना दर वेळी थांबवायचे. "आरं, मध्यंतरानंतर बाजू बदलल्या का न्हाई? मग ते का घसरलं न्हाईत?" तात्या गप्प व्हायचे. पण त्यांच्या बोलण्यातही अर्धं खरं होतं. कंपनीचे गडी कॅनव्हासचे बूट घालून होते. ओल्या मातीत बुटाला चिखल धरतो, अनवाणी पायाला बोटं रुतवता येतात. उत्तरार्धात ते घसरले नाहीत, पण जड मात्र झाले होते.

मध्यंतराच्या पाच मिनिटांत आजोबांनी एकच गोष्ट सांगितली. "थोरल्याला नुसता बाद करू नका. त्याला बसवून ठेवा."

बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर जातात त्याच क्रमाने परत येतात, आणि संघाने एक गुण मिळवला की एक जण जिवंत होतो. म्हणजे काका बाद झाल्यावर कंपनीला जितके कमी गुण, तितका वेळ काका बाहेर. त्यासाठी आपल्या चढाया सांभाळून करायच्या. निदान रेषा ओलांडायची, पंचांना दिसेल असा पाय टेकवायचा आणि परत यायचं. अंगावर जायचं नाही, कारण आपला एक गडी पकडला गेला की त्यांचा एक उठतो. गुण पकडीतून काढायचे.

आठ गुणांनी मागे असलेल्या संघाला असा धीराचा खेळ सांगणं म्हणजे वेडेपणाच. कंपनीने तोच खेळ केला असता, नुसती रेषा ओलांडून परत गेले असते, तर मंडळ वीस मिनिटांत काहीही करू शकलं नसतं. कारण तेव्हा तिसऱ्या चढाईला गुण आणलाच पाहिजे असा नियम नव्हता. ते तसं का खेळले नाहीत, यावर घरात आजही एकमत नाही. आजोबांच्या मते मांडवात खुर्च्यांवर साहेब बसले होते आणि प्रत्येक गड्याला आपापलं नाव दाखवायचं होतं. सात मंडळांतून आणलेले सात गडी, एकाची साखळी दुसऱ्याला जुळत नव्हती. काकांना हे मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, "आठ गुण पुढे असताना मागे मागे खेळायची लाज वाटली. समोर कोण होतं? आपलीच पोरं." मला काकांचं म्हणणं जास्त खरं वाटतं. मात्र मी हे आजोबांना कधी सांगितलं नाही.

तिसऱ्याच मिनिटाला काका सापडले. ते डाव्या कोपऱ्याकडे झुकले, लाथ मारण्याआधी नेहमीप्रमाणे वजन डाव्या पायावर घेतलं आणि 'डी' लांबला. बाबांनी घोटा धरला, मध्यरक्षकाने कंबर. काका बाहेर गेले आणि जवळपास सहा मिनिटं बसून राहिले. तेवढ्यात त्यांचे चार चढाईपटू एकामागून एक पकडले गेले. काका मैदानाबाहेर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि ओरडून आपल्या गड्यांना सांगत होते, "कोपऱ्याकडे जाऊ नका!" कोणी ऐकलं नाही.

मग लोण चढला. मंडळाला दोन गुण मिळाले, पण लोणाबरोबर समोरचे सगळे उठतात, तसे काकाही उठले. आजोबांना हा लोण थोडा उशिरा हवा होता. शेवटचा गडी राखून ठेवायचा, वेळ खायचा, असा त्यांचा विचार होता. पण मंडळाचा गडी म्हणजे गल्लीतलं पोर, प्रेक्षक ओरडत होते, आणि त्याने शेवटच्या गड्यावर झडप घातली. इथे आजोबा दर वेळी थांबून पाणी प्यायचे.

शेवटच्या मिनिटाला गुणफलक सत्तावीस-सव्वीस होता. मंडळ पुढे. मैदानात मंडळाचे तीनच गडी. चढाई काकांची.

काका वाकले, मातीला हात लावून कपाळाला लावला. ही सवय त्यांना आजोबांनीच लावलेली. या वेळी ते बाबांकडे गेलेच नाहीत, उजवीकडून आत शिरले. बाबा साखळी सोडून आडवे धावले आणि परत फिरताना मागून घोटा धरला. मध्यरक्षक अंगावर पडला. तिघे मातीत. काकांचा उजवा हात मध्यरेषेकडे सरकत होता. हात लागला असता आणि दम चालू असता, तर धरणारे दोघेही बाद, म्हणजे कंपनी अठ्ठावीस-सत्तावीस. दम तुटला असता तर काका बाद, मंडळ अठ्ठावीस-सव्वीस. पंच खाली वाकले, शिट्टी वाजली आणि त्यांनी हात मंडळाच्या बाजूला केला. काकांची बोटं तेव्हा रेषेच्या चुन्यावर होती. बोटांना पांढरं लागलेलं सगळ्यांनी पाहिलं.

आजीला मी एकदा विचारलं, "आजी, खरं कोण जिंकलं गं?" ती म्हणाली, "दोघांचे गुडघे सोलून आले होते. घरातली सगळी हळद संपली. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून वाटीभर मागून आणली, ती परत करायची राहूनच गेली." त्या रात्री दोघांना तिने एकाच ताटात जेवायला वाढलं होतं. आजोबा बाहेर गॅलरीत करंडक मांडीवर घेऊन बसले होते, ते आत आलेच नाहीत.

महिन्याभरात कंपनीचा माणूस चाळीत आला. काकांना न्यायला आला होता तोच. या वेळी त्याला डावा कोपरा हवा होता. बाबांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "बदलीवर किती दिवस फाटकाला उभा राहशील?" एवढंच. बाबा गेले. उजवा कोपरा दुसरीकडे लागला. पुढच्या हिवाळ्यात मंडळ पहिल्याच फेरीत हरलं.

आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या चौकात सराव करणारी पोरं एकेक करून गावी गेली. कोणी भाजीच्या गाड्या लावल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून दाखवली गेली. चाळीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर ती बातमी ऐकायला फार माणसं उरली नव्हती. आजोबांचा साचा पुन्हा चालू झाला नाही. आमच्या घरात दोन पगार येत होते, दोन्ही त्या कंपनीचे. त्यावर आमची खोली चालली आणि बाजूच्या दोन खोल्यांतलं रेशनही आलं, हे आजीने सांगितलं. आजोबांनी कधीच नाही.

आजोबा २००३ साली गेले. चाळ पाडली, तिथे आता इमारत उभी आहे. चौकाच्या जागी गाड्या ठेवतात. करंडक बाबांच्या कपाटावर आहे, त्याचा एक कान तुटलेला.

मागच्या दिवाळीत काका आले होते. फराळ झाल्यावर विषय निघालाच. काका म्हणाले, "त्या दिवशी माझा दम एवढा होता, ऐक," आणि खुर्चीवर सरळ बसून त्यांनी सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. वय सत्तरीच्या पुढे. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मान थोडी डावीकडे कलती केली. 'डी' लांबला तेव्हा बाबांचा उजवा हात मांडीवरून हलला.

"आता तुटला," बाबा म्हणाले.

"आता तुटला," काका म्हणाले. "तेव्हा नाही."