पॅरासिटामॉल : दिवसाची मर्यादा आणि मद्यपींच्या यकृतावरील धोका

पॅरासिटामॉल हे ताप आणि अंगदुखीवरचे सर्वाधिक वापरले जाणारे औषध. ठरलेल्या मात्रेत ते सुरक्षित मानले जाते. मात्र सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फार मोठे नाही. नियमित मद्यपान करणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होते.

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम आहे. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या किंवा ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ही मर्यादा गाठली जाते. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि एका वेळी १ ग्रॅमहून अधिक घेऊ नये. रोज मद्यपान करणारे, यकृताचा आजार असलेले, कुपोषित किंवा ५० किलोहून कमी वजनाचे रुग्ण यांच्यासाठी ही मर्यादा कमी धरली जाते. मद्यपींना बहुतेक डॉक्टर २ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे ५०० च्या चार किंवा ६५० च्या तीनच गोळ्या.

या फरकाचे कारण यकृताच्या कामात दडलेले आहे. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी संयुगांत बदलते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्या अल्प भागावर सीवायपी२ई१ नावाचे विकर काम करते आणि त्यातून एनएपीक्यूआय हा विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातील ग्लुटाथायोन त्याला तत्काळ निष्प्रभ करते. ग्लुटाथायोनचा साठा संपला, तर हेच विष यकृतपेशींना चिकटून त्यांचा नाश करते.

नियमित मद्यपानाने या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. मद्य पचवण्यासाठी यकृत सीवायपी२ई१ अधिक प्रमाणात तयार करते, म्हणून विष जास्त बनते. दुसरीकडे मद्य आणि अपुरा आहार यांमुळे ग्लुटाथायोन घटते, म्हणून विष निष्प्रभ करण्याची क्षमता कमी होते. येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. मद्य शरीरात असेपर्यंत ते त्याच विकरासाठी पॅरासिटामॉलशी स्पर्धा करते, त्यामुळे विषनिर्मिती काहीशी मंदावते. पिणे थांबताच मद्याचा अडसर दूर होतो, वाढलेले विकर मात्र आणखी काही काळ टिकून राहते. म्हणून ‘आज प्यायलो नाही, आता गोळ्या चालतील’ हा हिशेब चुकीचा ठरतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ रोज सायंकाळी फेणी घेतात. ताप येतो, अन्न जात नाही, पिणेही बंद होते. ते ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा घेतात. हे झाले २६०० मिलिग्रॅम. सर्दीसाठी घेतलेल्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते आणि ती तीनदा घेतल्याने १५०० ची भर पडते. पाठदुखीच्या संयुक्त गोळीत ३२५ मिलिग्रॅम असते. दोन गोळ्यांचे ६५० होतात. एकूण ४७५० मिलिग्रॅम. निरोगी माणसाचीही मर्यादा ओलांडली गेली आणि त्यांच्या स्वतःच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक औषध शरीरात गेले. हे तीन-चार दिवस चालले, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच आहे, हे त्यांना कळलेलेच नसते. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे आणि पॅरासिटामॉलची बेरीज करणे गरजेचे आहे.

अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी फक्त मळमळ, उलटी किंवा थकवा जाणवतो. कधी काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते. कावीळ, रक्तस्राव, गुंगी किंवा बरळणे ही लक्षणे साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतात, तेव्हा यकृत निकामी होऊ लागलेले असते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. एकदम घेतलेल्या अतिमात्रेनंतर तो आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. मर्यादा ओलांडल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. रोजच्या मद्यपानाची माहितीही डॉक्टरांपासून लपवू नये. उपचाराचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

पॅरासिटामॉल टाळून मनाने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणे हा मद्यपींसाठी पर्याय नाही. त्यांनी जठरातून रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो.