लिस पेंडन्स : अलिबागच्या वाडीचा व्यवहार आणि दोन लॅटिन शब्द

अलिबाग परिसरातली खरेदीखतं वाचायला घेतलीत, की मराठी मजकुरात मध्येच 'लिस पेंडन्स नाही' असं वाक्य दिसेल. लिस म्हणजे दावा, पेंडन्स म्हणजे प्रलंबित. विकणारा सांगतोय, की या जमिनीवर कोर्टात दावा चालू नाही.

हे हमीचं वाक्य का लागतं? समजा, नारळाच्या वाडीवरून दोन भावांत वाटपाचा दावा चालू आहे. निकालाआधीच थोरल्याने अख्खी वाडी मुंबईच्या माणसाला विकली. पुढे अर्धी वाडी धाकट्याची ठरली. मग खरेदीदार म्हणतो, "मी बोना फाइड, म्हणजे सद्‌हेतूने घेतली, दाव्याचं ठाऊकच नव्हतं." एरवी अशा खरेदीदाराला कायदा जपतो, इथे मात्र नाही. कारण १८५७ च्या बेलामी विरुद्ध सबाइन या इंग्लिश खटल्यात सांगितलंय : दावा चालू असताना जमीन विकून निकाल टाळता आला, तर दावे कधी संपणारच नाहीत. हेच तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मध्ये आलं. व्यवहार रद्द होत नाही. तो निकालाला बांधला जातो. खरेदीदाराकडे थोरल्याचा हिस्सा तेवढा उरतो.

मुंबई प्रांताने १९३९ मध्ये यात दाव्याची नोटीस नोंदवण्याची अट घातली. ती कुठल्या भागाला कधी लागू झाली, हे अधिसूचनेत बघा. आणि १९८१ पूर्वीचे दस्त शोधताना जिल्हा 'कुलाबा' टाका, रायगड नव्हे.