वाड्यातला आडोसा

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन-तीन पिढ्या एकत्र नांदत. मग आडोसा कसा मिळे? दारांनी नव्हे, खोल्यांच्या क्रमाने.

दिंडीतून आलेला परका माणूस ओसरीवरच बसे. तिथे वडीलधाऱ्या पुरुषांची बैठक असे. त्यापलीकडे माजघर, ते घरच्यांचे. आणखी आत स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली. बायकांचा वावर मागल्या चौकात, ये-जा परसदाराने. हाक सगळीकडे पोचे, नजर पोचत नसे. नवराबायकोची सोय मात्र बेताचीच. माडीवरची खोली मिळाली तर नशीब! आणि हा आडोसा सुनेला डांबणाराही होता, हे विसरू नये.

पुढे वाड्यांत भाडेकरू आले. १९४७ च्या कायद्याने भाडी बांधली गेली, ती पुढे वाढेनात, मालकांनी दुरुस्ती सोडली. एका घरासाठी लावलेल्या खोल्यांत चार बिऱ्हाडे झाली आणि तो क्रमच मोडला. माझे लहानपण अशाच एका माजघरात गेले. मागच्या बिऱ्हाडाची वाट आमच्यातूनच होती. रात्री कोणी नळावर निघाले की आधी खाकरत असे, आणि आई दोरीवरचे जुने लुगडे ओढून घेई.