तेरा सोडतींत जोडी पुन्हा का येते?

कोल्हापूर, प्रतिनिधी : बिंदू चौकात उभे राहून समोरून जाणाऱ्या वाहनांच्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक कागदावर ओळीने लिहीत जावेत. ०० ते ९९ असे एकूण शंभर पर्याय आहेत. एखादी जोडी दुसऱ्यांदा येण्यास किती वाहने जावी लागतील, असे विचारले तर बहुतेक जण पन्नासच्या आसपासचा आकडा सांगतात. प्रत्यक्षात तेराव्या वाहनापर्यंतच ही शक्यता निम्म्याहून अधिक झालेली असते.

गणितात हा प्रकार ‘जन्मदिवसाचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. वर्षाचे दिवस ३६५ असले, तरी अवघ्या २३ व्यक्तींच्या समूहात कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५०.७ टक्के असते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ती ९९ टक्क्यांच्या पुढे जाते.

जोड्यांचा हिशेब

अंदाज चुकतो तो मोजणीच्या पद्धतीमुळे. आपण नकळत एकाच आकड्याची बाकीच्यांशी तुलना करतो. प्रत्यक्षात प्रत्येक आकड्याची इतर प्रत्येकाशी तुलना होत असते. तेरा आकड्यांत अशा तुलना १३ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ७८ होतात.

नेमकी शक्यता काढण्यासाठी उलट बाजूने जावे लागते. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वेगळा असण्याची शक्यता शंभरात ९९, तिसरा आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळा असण्याची ९८, असे उतरत तेराव्यासाठी ती ८८ होते. हे सर्व अपूर्णांक गुणले की उत्तर ०.४४ येते. म्हणजे तेराही आकडे वेगवेगळे असण्याची शक्यता ४४ टक्के आणि पुनरावृत्तीची ५६ टक्के. वीस आकड्यांना ती ८७ टक्क्यांवर पोहोचते.

मटक्याचा तक्ता

हाच हिशेब मटक्याला लागू पडतो. १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी हा जुगार फोफावला व पुढे राज्यभर पसरला. तीन पत्त्यांच्या बेरजेतील एकं स्थानचा अंक ‘ओपन’, पुन्हा काढलेल्या तीन पत्त्यांचा ‘क्लोज’ आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. जोड्याही शंभरच. महिन्यातील २६ सोडतींचा तक्ता घेतला, तर त्यात एखादी जोडी दोनदा दिसण्याची शक्यता ९७ टक्के असते. तरीही ती पाहून खेळणाऱ्यांपैकी कुणी ‘आकडा फोडला’ म्हणतो, तर कुणी तक्त्यात ‘लाइन’ सापडल्याचे समजून पैसे लावतो.

येथेच फसगत होते. कोणती तरी जोडी पुन्हा येणे सोपे असले, तरी आपण निवडलेली जोडी येणे तितके सोपे नसते. ठरावीक जोडी किमान एकदा येण्याची शक्यता निम्म्यावर जाण्यास ६९ सोडती लागतात. शिवाय प्रत्येक सोडतीत तिची शक्यता शंभरात एकच राहते. काल आलेली असो वा वर्षभर न आलेली. देणी मात्र शंभर पटीपेक्षा कमी असतात. म्हणून कोणताही तक्ता हाती असला, तरी दीर्घकाळात खेळणाऱ्याच्या पदरी तोटाच येतो.

बल्गेरियातील सोडत

सप्टेंबर २००९ मध्ये बल्गेरियाच्या राष्ट्रीय लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५ आणि ४२ हे सहा आकडे ६ आणि १० तारखेच्या लागोपाठच्या सोडतींत निघाले. चौकशी झाली; गैरप्रकार आढळला नाही. बेचाळीसपैकी सहा आकड्यांचे सुमारे ५२ लाख ४६ हजार संच होतात. तरीही कोणता तरी संच पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर जाण्यास सुमारे २,७०० सोडती पुरतात. आठवड्याला दोन धरल्यास २६ वर्षे. लागोपाठ दोन ठरावीक सोडतींत तसे घडणे मात्र खरोखर दुर्मीळ, ५२ लाखांत एक. जगभर वर्षानुवर्षे निघणाऱ्या असंख्य सोडतींमुळे तेही कुठे तरी घडून जाते.

मग संशय केव्हा घ्यावा? वरील हिशेब सर्व आकड्यांची शक्यता समान मानून केलेला आहे. काही आकडे अधिक वेळा येत असतील, तर पुनरावृत्ती आणखी लवकर होते. वाहनांच्या बाबतीत पसंतीच्या क्रमांकांमुळे असे होऊ शकते. त्यामुळे एक पुनरावृत्ती लबाडीचा पुरावा ठरत नाही. शेकडो सोडतींचे आकडे मोजून ठरावीक आकडेच सातत्याने अपेक्षेपेक्षा जास्त येतात का, हे पाहावे लागते. उलट, शंभर पर्यायांच्या सोडतीत सलग तीस निकाल एकदाही न जुळता आले, तर तो तक्ता अधिक संशयास्पद मानावा. निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे.