निसीहीपासून सूचनाफलकापर्यंत : मंदिर-मर्यादेच्या भाषेचा इतिहास

जिनमंदिराच्या मुख्य द्वारात पाऊल ठेवताना श्रावक 'निसीही' हा शब्द उच्चारतो. संसारातील व्यवहार येथेच सोडले, असा त्याचा भाव. ही सूचना कोणी द्वारपाल देत नाही, ती येणारा स्वतःच स्वतःला देतो. मंदिरातील मर्यादा सांगण्याची जैन परंपरेची मूळ रीत ही अशी आहे.

श्वेतांबर परंपरेतील आचार्य देवेंद्रसूरींच्या 'चैत्यवंदन भाष्या'त मंदिरप्रवेशाचे पाच अभिगम सांगितले आहेत. स्वतःच्या उपभोगाच्या सचित्त वस्तू बाहेर ठेवणे, अलंकारादी अचित्त वस्तू अंगावर राहू देणे, अखंड वस्त्राचे उत्तरासंग घेणे, प्रभू दृष्टीस पडताच हात जोडणे आणि मन एकाग्र करणे, हे ते पाच. राजाने तर खड्ग, छत्र, पादत्राणे, मुकुट आणि चामर ही पाच राजचिन्हे बाहेर ठेवावीत, असे म्हटले आहे. या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. काय ठेवावे आणि काय ल्यावे, हे नेमके सांगितले आहे. परंतु येणाऱ्याला कोठेही असभ्य ठरविलेले नाही. शिवाय नियम राजालाही लागू असल्याने सामान्य श्रावकाला त्यात कमीपणा वाटण्याचे कारण उरले नाही. दहा प्रमुख आशातनांत तांबूल, पाणी आणि भोजन यांच्याबरोबर पादत्राणांचा उल्लेख येतो, तोही वस्तूचे नाव घेऊनच.

अलीकडच्या काळात वस्त्रांचा प्रश्न महाराष्ट्रभर चर्चेत आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जळगाव येथे मंदिर-विश्वस्तांची परिषद भरली आणि त्यानंतर अनेक देवस्थानांनी वस्त्रसंहितेचे फलक लावले. त्याच वर्षी १८ मे रोजी तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिरात असा फलक लागला. अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य, अशोभनीय अशा विशेषणांनी त्याची सुरुवात होती आणि हाफ पँट व बर्मुडा घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असे त्यात म्हटले होते. टीका होताच काही तासांतच मंदिर प्रशासनाने माघार घेतली व असे कोणतेही निर्बंध नसल्याचे स्पष्ट केले.

तुळजापूरच्या फलकात उणीव कोठे होती? विशेषणे वस्त्रांपेक्षा ती घालणाऱ्याला अधिक लागतात. अशोभनीय काय, हे प्रत्येक पहारेकरी आपल्या मतीने ठरवील आणि वाद दारातच होईल. शिवाय दुरून आलेल्या भाविकाला फलक दिसतो तेव्हा कपडे बदलण्याची सोय त्याच्याजवळ नसते. जून २०२३ मध्ये शिमल्याच्या दिगंबर जैन मंदिराने वस्त्रांची नावे घेऊन फलक लावला आणि तशी वस्त्रे असल्यास परिसराबाहेरूनच दर्शन घ्यावे, असे सुचविले. नावे घेतल्याने संदिग्धता गेली, परंतु भाविक बाहेरच राहिला.

नियम सौम्य होतो तो त्याच्यासोबत दिलेल्या सोयीमुळे. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतील मंदिरांत भ्रमणध्वनीला बंदी करण्यास सांगितले, तेव्हा ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करण्यासही सांगितले. कपाट आणि बिल्ला नसेल तर फोन पिशवीत लपून आत जातो आणि ऐन चैत्यवंदनात वाजतो.

खानदेशात हेच तत्त्व पादत्राणांना लावावे लागते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते. अशा वेळी तापलेल्या फरशीवरून वीस पावले चालावी लागली की वृद्ध श्राविका चपला पायरीपर्यंत आणते, आणि त्यात तिचा दोष नसतो. चपलांच्या मांडणीपासून द्वारापर्यंत काथ्याची कोरडी पट्टी अंथरली की फलकाचे निम्मे काम संपते. पट्टी ओली ठेवण्याचा मार्ग मात्र अप्काय जीवांच्या विराधनेमुळे आपल्याला योग्य नाही.

वस्त्रांबाबत दर्शन आणि पूजा यांची गल्लत टाळावी. पूजेला स्वतंत्र धूतवस्त्रे हवीत, दर्शनाला अंग झाकणारी स्वच्छ वस्त्रे पुरेत. फलकावर हा भेद नसला तर दर्शनार्थी विनाकारण परत फिरतो. साक्री तालुक्यातील बळसाणे तीर्थासारख्या ठिकाणी परगावचे यात्रेकरू थेट प्रवासातून येतात. अशा ठिकाणी दाराशी सुती उपरणी व ओढण्या ठेवाव्यात. मात्र प्रत्येक वापरानंतर त्या धुतल्या जाव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी हात लावणार नाही. म्हणून दिवसभर पुरून धुण्यालाही सवड मिळेल, एवढे नग आधीच घ्यावे लागतात.

या सर्वांचा विचार करून फलक असा लिहिता येईल : 'जय जिनेंद्र. पादत्राणे डाव्या हातास मांडणीत ठेवावीत. भ्रमणध्वनी बंद करून कपाटात ठेवावा व बिल्ला घ्यावा. दर्शनासाठी खांदे व गुडघे झाकलेले असावेत. उपरणे, ओढणी येथे मिळेल. हे नियम विश्वस्तांसह सर्वांना आहेत.' नियम लागू होण्याची तारीख महिनाभर आधी सांगावी, आणि शक्य तर पर्युषणाच्या गर्दीत त्याचा आरंभ करू नये.

यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. विश्वस्ताच्या खिशात फोन वाजला की उरलेला फलक कोणी वाचत नाही. मुकुट बाहेर ठेवणाऱ्या राजाचा नियम ज्यांनी घालून दिला, त्यांना हे पुरते ठाऊक होते.